शस्त्र निषिद्ध ठरते कशावरून? दमदमची गोळी आणि झाग्रेबवरचे रॉकेट

प्रश्न: दमदम गोळीवर सव्वाशे वर्षांपासून युद्धात बंदी आहे म्हणतात, पण तशाच फुलणाऱ्या गोळ्या पोलीस सर्रास वापरतात. उलट क्लस्टर बॉम्ब इतके भयानक असूनही कित्येक देश ते उघडपणे बाळगतात. मग एखादे शस्त्र निषिद्ध आहे की नाही, हे नेमके कसे तपासतात? 'अनावश्यक यातना' मोजतात तरी कशा?

उत्तर:

तपासणारा आधी करार काढून बसतो. त्या प्रकारच्या शस्त्राचे नाव घेऊन बंदी घालणारा करार आहे का आणि आपले राष्ट्र त्याला बांधील आहे का, एवढेच पहिल्या पायरीवर पाहायचे असते. रासायनिक आणि जैविक अस्त्रे, कायमचे आंधळे करण्यासाठी बनवलेले लेझर, शरीरात घुसल्यावर क्ष-किरणांत दिसणार नाहीत असे तुकडे उडवणारी शस्त्रे यांचा निकाल बहुतेक वेळा इथेच लागतो. करार नसेल, किंवा आपण त्यात नसू, तरी काम संपत नाही. त्यानंतर दोन सर्वसाधारण कसोट्या उरतात आणि त्या रूढ कायद्याचा भाग असल्याने कोणत्याही राष्ट्राला चुकत नाहीत.

पहिली कसोटी समोरच्या सैनिकाच्या बाजूची आहे. त्याला लढाईतून बाद करण्यासाठी जेवढी इजा अटळ आहे, त्याहून जास्त इजा हे शस्त्र त्याच्या घडणीमुळेच करते का? दुसरी कसोटी नागरिकांच्या बाजूची. हे शस्त्र विशिष्ट लष्करी लक्ष्यावर रोखता येते का, आणि रोखले तरी त्याचा परिणाम तेवढ्यापुरता आवरता येतो का? या दोन कसोट्यांची गल्लत झाली की तुम्हाला पडला तसा पेच पडतो. दमदम गोळी ज्याच्यावर नेम धरला त्यालाच लागते, म्हणजे दुसऱ्या कसोटीवर ती निर्दोष आहे आणि पहिल्या कसोटीवर नापास होते. क्लस्टर बॉम्ब हवेत उघडून पुष्कळ छोटे बॉम्ब विखुरतो. त्यातल्या छोट्या बॉम्बने होणारी जखम साध्या हातबॉम्बच्या जखमेहून फार वेगळी नसते, त्यामुळे पहिल्या कसोटीवर त्याला अडवता येत नाही. त्याचे सगळे भांडण दुसऱ्या कसोटीशी आहे. 'भयानक' हा निकष दोन्हींत कुठेच नाही.

आणखी एक गोष्ट सुरुवातीलाच वेगळी काढावी लागते. दोन्ही कसोट्या शस्त्राच्या स्वभावाला लावायच्या असतात, कुणीतरी एकदा केलेल्या गैरवापराला नाही. अचूक रायफलने बाजारातल्या माणसांवर गोळ्या झाडणे हा युद्धगुन्हाच आहे, पण म्हणून रायफल निषिद्ध होत नाही. बातम्यांत 'बेकायदा शस्त्र वापरले' असा आरोप येतो तेव्हा बहुतेक वेळा प्रत्यक्षात शस्त्राचा वापर बेकायदा असतो. वकिलाच्या दृष्टीने हे दोन वेगळे खटले आहेत आणि त्यांचे पुरावेही वेगळे लागतात.

पहिल्या कसोटीचा जन्म रशियात झाला. दारूगोळ्याच्या गाड्या उडवण्यासाठी रशियन लष्कराने १८६३ मध्ये कठीण पृष्ठभागावर आदळून फुटणारी गोळी बनवली. चार वर्षांनी तिची सुधारलेली आवृत्ती आली, ती मऊ पृष्ठभागावरही, म्हणजे माणसाच्या शरीरातही फुटू लागली. गाडी उडवायला स्फोट हवा, पण माणसाला लढाईतून बाहेर काढायला साधी गोळी पुरते, मग त्याच्या अंगात स्फोट कशासाठी? रशियाने स्वतःच परिषद बोलावली आणि १८६८ च्या सेंट पीटर्सबर्ग घोषणेने ४०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या स्फोटक व ज्वालाग्राही प्रक्षेपकांवर बंदी आली. एका माणसावर झाडायची गोळी आणि तोफगोळा यांच्यामधली रेषा म्हणून तो आकडा धरला होता. तो आकडा पुढे टिकला नाही. पहिल्या महायुद्धात हवाई जहाजे आणि फुगे पेटवण्यासाठी त्याहून हलक्या ज्वालाग्राही गोळ्या वापरल्या गेल्या आणि व्यवहारात ही बंदी माणसांविरुद्धच्या वापरापुरती आकसली. तर्क मात्र टिकला: शत्रूचे लष्करी बळ कमी करणे हेच युद्धाचे वैध उद्दिष्ट, आणि जायबंदी झालेल्याच्या यातना उगाच वाढवणारे किंवा त्याचे मरण अटळ करणारे शस्त्र त्या उद्दिष्टापलीकडे जाते.

आता दमदम. कलकत्त्याच्या वेशीवरच्या दमदम इथल्या शस्त्रागारावरून हे नाव पडले. तेव्हाची ब्रिटिश .३०३ गोळी म्हणजे शिशाचा गाभा आणि त्यावर तांबे-निकेलचे पूर्ण कवच. १८९५ च्या चित्रळ मोहिमेनंतर तक्रारी आल्या की ही गोळी अंगातून आरपार जाते आणि माणूस धावून येतच राहतो. दमदमच्या कॅप्टन बर्टी-क्ले यांनी टोकावरचे जरासे कवच काढून शिसे उघडे ठेवले. मांसात शिरताच उघडे शिसे चेपले जाई, मागचे कवच फाटून बाहेर वळे आणि गोळी छत्रीसारखी पसरे. वायव्य सरहद्दीवरच्या तिराह मोहिमेत, १८९७-९८ मध्ये, ती वापरली गेली. इंग्लंडमधल्या वूलिचच्या कारखान्यात पुढे टोकाला पोकळी ठेवलेल्या गोळ्याही निघाल्या.

१८९९ च्या हेग परिषदेत ब्रिटनतर्फे सर जॉन आर्डा यांनी या गोळीचा बचाव केला. सुसंस्कृत देशाचा सैनिक जखमी झाला की थांबतो, 'रानटी' थांबत नाही, असा त्याचा मथितार्थ होता. या युक्तिवादातला वंशवाद उघड आहे, पण त्याच्या आतला लष्करी मुद्दा, म्हणजे गोळीने माणूस लगेच थांबला पाहिजे, तपासावाच लागतो, कारण पहिली कसोटी नेहमी गरज आणि इजा यांच्या तुलनेवर चालते. परिषदेने गरज पुरेशी मानली नाही. ब्रिटन व अमेरिकेचा विरोध डावलून घोषणा झाली आणि ब्रिटन तिच्यात १९०७ मध्ये सामील झाले. एक मेख मात्र राहिली: घोषणा फक्त सही करणाऱ्या राष्ट्रांच्या आपापसातल्या युद्धाला लागू होती. ज्या सरहद्दीवरच्या लोकांवर ही गोळी आधी झाडली गेली, ते तिच्या संरक्षणाबाहेरच राहिले.

तांत्रिक पुराव्याबाबत त्या वेळी झालेला एक घोळ आजही शिकवण्याजोगा आहे. ट्युबिंगनचे जर्मन शल्यविशारद ब्रुन्स यांनी मृतदेहांवर आणि जनावरांवर गोळ्या झाडून भीषण जखमांचे निष्कर्ष छापले आणि युरोपचे मत फिरले. पण त्यांनी वापरलेल्या माउझर गोळ्यांत शिसे दमदमपेक्षा बरेच जास्त उघडे होते. ब्रिटिशांनी हा आक्षेप घेतला आणि तो रास्त होता. आरोप ज्या शस्त्रावर आहे तेच, त्याच काडतुसासह आणि त्याच नळीतून तपासले नसेल तर अहवाल बाजूला ठेवावा, हा नियम या विषयात कधीही सोडू नये.

घोषणेची भाषा बारकाईने वाचण्यासारखी आहे. मानवी शरीरात सहज पसरणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्या, उदाहरणार्थ ज्यांचे कठीण कवच गाभ्याला पूर्ण झाकत नाही किंवा ज्यांच्या कवचावर चिरा पाडल्या आहेत, अशा गोळ्या तिने निषिद्ध केल्या. म्हणजे मनाई जखमेच्या आकारावर नसून गोळीच्या कार्यपद्धतीवर आहे. याचा फायदा असा की गोळी हातात घेतली की बरेचसे कळते. तोटा ब्रिटिशांनीच काही वर्षांत दाखवून दिला. १९१० मध्ये आलेल्या मार्क सात गोळीचे कवच टोकापर्यंत अखंड होते, पण टोकाच्या आत शिशाऐवजी ॲल्युमिनियमसारखा हलका पदार्थ भरला होता. गुरुत्वमध्य मागे सरकल्यामुळे ही गोळी शरीरात शिरल्यावर लवकर आडवी होई. कवच न उघडता तिने मोठी जखम केली आणि हेगच्या अक्षराला धक्काही लागला नाही. दोन्ही महायुद्धांत भारतीय सैन्यानेही ही गोळी वापरली.

गोळी आडवी होते म्हणजे काय, हे कळल्याशिवाय आजची चाचणी समजणार नाही. लांबट गोळी हवेत स्वतःभोवती फिरत असते म्हणून स्थिर राहते. मांसाची घनता हवेच्या शेकडो पट असल्याने तिथे ही स्थिरता पुरत नाही. काही अंतर ती सरळ जाते, मग डगमगते, आडवी होते आणि तेव्हाच आपली बहुतेक ऊर्जा आजूबाजूला सोडते. सुरुवातीच्या सरळ भागात जखमेचा बोगदा अरुंद असतो. ७.६२ मिमीच्या नाटो गोळीत हा अरुंद भाग साधारण १५ सेंटिमीटर लांब असतो. दंड किंवा पोटरी तेवढी जाड नसते, त्यामुळे हाडाला न लागलेली अशी गोळी हातापायातून छोटे भोक पाडून निघून जाऊ शकते आणि माणूस वाचतो, अवयवही वाचतो. पसरणारी गोळी पहिल्या काही सेंटिमीटरांतच उघडते. तिने हातापायातही तेवढाच मोठा खळगा पडतो. दमदमवरच्या आक्षेपाचा शरीरशास्त्रीय गाभा हा आहे.

म्हणून नवी गोळी तपासताना प्रयोगशाळेत जिलेटिनचे ठोकळे लावतात. रूढ पद्धतीत १० टक्के जिलेटिनचे द्रावण गोठवून ४ अंश सेल्सियसला ठेवतात. ठोकळा योग्य घट्ट झाला आहे का, हे आधी पाहावे लागते. त्यासाठी ४.५ मिमीचा पोलादी छर्रा सेकंदाला सुमारे १८० मीटर वेगाने मारतात आणि तो साधारण साडेआठ सेंटिमीटर शिरला पाहिजे. ठोकळा उन्हात किंवा दिव्यांखाली अर्धा तास राहिला तर छर्रा खोल जातो आणि पुढची सगळी मापे चुकतात. मग गोळी वेगवेगळ्या अंतरांना साजेशा वेगाने झाडून तीन गोष्टी नोंदवायच्या: अरुंद बोगदा किती लांब आहे, मोठा खळगा कोणत्या खोलीवर सुरू होतो, आणि गोळी अखंड राहिली, वाकली, पसरली की तुटली. फक्त नळीच्या तोंडाशी चाचणी घेणे ही नेहमीची चूक. ५.५६ मिमीची जुनी अमेरिकी गोळी जवळून लागली की कवचावरच्या खाचेपाशी तुटून तुकडे होते, वेग सेकंदाला ८०० मीटरच्या आसपास खाली आला की बहुधा अखंड राहते. एकाच अंतराचा निकाल घेतला तर दोन तपासनीस एकाच गोळीबद्दल परस्परविरुद्ध अहवाल देतील आणि दोघेही खरे बोलत असतील.

जिलेटिनमध्ये हाड नसते आणि त्वचाही नसते, ही मर्यादा अहवालात लिहावीच लागते. शिवाय परत मिळालेल्या गोळीचा आकार बघून निकाल देणे धोक्याचे आहे. पूर्ण कवचाची गोळीही हाडावर आपटली की चपटी होते. पसरणे घडणीतून आले की अडथळ्यामुळे, हे एका ठोकळ्यावरून कळत नाही, सलग झाडलेल्या अनेक गोळ्यांच्या सारख्या वागण्यावरून कळते.

याचे चांगले उदाहरण म्हणजे नेमबाजांच्या उघड्या टोकाच्या गोळ्या. साध्या लष्करी गोळीचे कवच टोकाकडून बनते आणि बुडाशी उघडे राहते. अचूकतेसाठी बुड एकसारखे हवे असते, म्हणून नेमबाजीच्या गोळीचे कवच बुडाकडून ओढून टोकाशी मिटवतात आणि तिथे बारीक छिद्र उरते. वरून पाहिले तर ती पोकळ टोकाची दमदमच वाटते. अमेरिकी लष्कराच्या वकिलांनी १९८५ मध्ये अशा गोळीला मान्यता दिली. ते छिद्र निर्मितीच्या पद्धतीतून आलेले आहे, गोळी पसरावी म्हणून ठेवलेले नाही आणि गोळी शरीरात पोकळ टोकाच्या गोळीसारखी नेमाने उघडत नाही, ही त्यामागची कारणे. हा निष्कर्ष योग्यच वाटतो, पण तो त्या विशिष्ट गोळीपुरता आहे. दुसऱ्या कारखान्याने छिद्र जरा मोठे ठेवले आणि कवच पातळ केले तर चाचणी पहिल्यापासून करावी लागेल.

पोलिसांच्या प्रश्नाचे उत्तरही तुलनेतच आहे. हेगची घोषणा युद्धाला लागू आहे. गर्दीच्या फलाटावर ओलीस धरणाऱ्याला थांबवताना पोलिसांची गरज वेगळी असते: गोळी त्या माणसातच थांबली पाहिजे, आरपार जाऊन मागच्या बाईला लागता कामा नये. शिवाय पिस्तुलाच्या गोळीची ऊर्जा रायफलच्या गोळीपेक्षा पुष्कळ कमी असते. म्हणून अनेक देशांत पोलिसांना पसरणारी गोळी चालते. तोच युक्तिवाद आता काही सैन्ये शहरी दहशतवादविरोधी कारवाईसाठी करतात, आणि अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या २०१५ च्या युद्धविधी पुस्तिकेने तर पसरणारी गोळी मुळात निषिद्धच नाही अशी भूमिका घेतली. बहुसंख्य राष्ट्रांना ती मान्य नाही. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम करारात अशा गोळीचा वापर युद्धगुन्हा आहे आणि २०१० च्या कंपाला परिषदेने तो अंतर्गत सशस्त्र संघर्षांनाही लावला.

राहिला मोजण्याचा प्रश्न. १९९७ मध्ये रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या शल्यविशारदांनी सरळ आकडे सुचवले होते. रणांगणावर २५ टक्क्यांहून जास्त किंवा रुग्णालयात ५ टक्क्यांहून जास्त मृत्यू घडवणारे शस्त्र, विशिष्ट रोग किंवा विशिष्ट कायमचे अपंगत्व आणणारे शस्त्र, ज्याच्या जखमेवर सिद्ध उपचारच नाही असे शस्त्र, अशी ती यादी होती. नेहमीच्या युद्धांतल्या गोळ्या आणि तुकड्यांच्या जखमांच्या नोंदींवरून ही पातळी धरली होती. कल्पना आकर्षक होती, पण राष्ट्रांनी ती स्वीकारली नाही आणि २००१ मध्ये समितीने ती मागे घेतली. तिच्यात तराजूचे एकच पारडे होते. भूसुरुंग पाय तोडतो हे तिने मोजले, पण त्या सुरुंगाने कोणते लष्करी काम साधले आणि ते कमी इजेच्या साधनाने झाले असते का, हे विचारलेच नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९९६ च्या अण्वस्त्रांवरील सल्लागार मतात अनावश्यक यातनेची व्याख्या 'वैध लष्करी उद्दिष्टासाठी अटळ असलेल्या हानीहून अधिक हानी' अशी केली, आणि 'अटळ' हा शब्द तुलनेशिवाय सुटत नाही. तरीही त्या यादीचा उपयोग आहे. तिच्यातले एखादे लक्षण दिसले की लष्करी गरज सिद्ध करण्याचा भार शस्त्र मागणाऱ्यावर टाकावा. क्ष-किरणांत न दिसणाऱ्या तुकड्यांबाबत १९८० मध्ये हेच झाले. तुकडा प्लॅस्टिकचा असल्याने सैनिक जास्त लवकर बाद होत नाही, फक्त शल्यविशारदाला तो सापडत नाही. दुसऱ्या पारड्यात टाकायला कुणाकडे काहीच नव्हते.

दुसरी कसोटी गणिताला जास्त जवळची आहे, आणि तिच्यासाठी झाग्रेबचे प्रकरण उत्तम. १ मे १९९५ रोजी क्रोएशियाच्या सैन्याने पश्चिम स्लाव्होनियात मोहीम उघडली. त्याला उत्तर म्हणून क्रोएशियातल्या बंडखोर सर्बांच्या क्रायिना या स्वयंघोषित राज्याचे अध्यक्ष मिलान मार्टिच यांच्या हुकमावरून २ आणि ३ मे रोजी क्रोएशियाची राजधानी झाग्रेबच्या मध्यभागावर एम-८७ ऑर्कान रॉकेटे सोडली गेली. मुलांचे रुग्णालय आणि राष्ट्रीय नाट्यगृहाचा परिसर यांनाही मारा बसला. ७ माणसे मेली आणि २१४ जखमी झाली.

बचाव पक्षाने सांगितले की शहरात लष्करी लक्ष्ये होती, संरक्षण मंत्रालय होते, प्लेसोचा विमानतळ होता. हेग येथील युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणाने या वादात शिरण्याआधी रॉकेटची तांत्रिक माहिती मागवली. ऑर्कान दिशा नियंत्रण नसलेले रॉकेट आहे. त्याच्या एका डोक्यात २८८ छोटे बॉम्ब आणि प्रत्येक बॉम्बमध्ये ३ मिमीचे ४२० छर्रे असतात. जमिनीपासून ८०० ते १००० मीटर उंचीवर डोके उघडते आणि छोटे बॉम्ब सुमारे २ हेक्टरवर विखुरतात. पल्ला सुमारे ५० किलोमीटर. तेवढ्या टोकाच्या पल्ल्यावर रॉकेटची चूक कोणत्याही दिशेला सुमारे १००० मीटर असते. झाग्रेबवरची रॉकेटे व्होयनिच भागातून, जवळजवळ पूर्ण पल्ल्यावरूनच सुटली होती.

हे आकडे कागदावर मांडून पाहा. १००० मीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे सुमारे ३१४ हेक्टर. रॉकेटच्या माऱ्याचा ठिपका २ हेक्टरचा. ठिपका वर्तुळात कुठेही पडू शकतो असे ढोबळ मानले, तर एखाद्या ठरावीक इमारतीवर तो पडण्याची शक्यता शंभरात एकच्या आसपास येते. प्रत्यक्षात फटके मध्याजवळ थोडे जास्त पडतात, म्हणून हा हिशेब अचूक नाही, पण प्रमाण कळायला पुरेसा आहे. उरलेल्या शक्यतांत तो ठिपका गजबजलेल्या शहराच्या दुसऱ्या कुठल्या तरी २ हेक्टरांवर पडणार, हे रॉकेट सोडणाऱ्याला सोडण्यापूर्वीच ठाऊक असते. म्हणूनच न्यायाधिकरणाने २००७ च्या निकालात म्हटले की या शस्त्राची घडण आणि तो पल्ला पाहता शहरात लष्करी लक्ष्ये होती की नव्हती, हा मुद्दाच गैरलागू आहे. ऑर्कान विशिष्ट लक्ष्य भेदू शकत नव्हते. मार्टिच यांना ३५ वर्षांची शिक्षा झाली आणि २००८ मध्ये अपिलात ती कायम राहिली.

या निकालाचा अर्थ काढताना बरेच लिहिणारे घसरतात. क्लस्टर शस्त्रे सरसकट बेकायदा आहेत असे न्यायाधिकरण म्हणाले नाही. 'सरसकट मारा करणारे शस्त्र' हे वर्णन त्याने या रॉकेटला, या पल्ल्यावरून, दाट वस्तीच्या शहरावर वापरण्याच्या संदर्भात केले. उघड्या माळावरच्या रणगाड्यांच्या ताफ्यावर हेच रॉकेट जवळून सोडले असते तर काय, हा प्रश्न त्याच्यापुढे नव्हता. पद्धतींचेही तसेच. शहरातली एकमेकांपासून दूर असलेली अनेक लष्करी ठिकाणे एकच लक्ष्य मानून सगळा भाग भाजून काढणे जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या अतिरिक्त प्रोटोकॉलने निषिद्ध केले आहे, मग त्यासाठी वापरलेला प्रत्येक बॉम्ब कितीही अचूक असो.

क्लस्टर शस्त्रांवरचा २००८ चा करार या कसोटीपेक्षा पुढे जातो, कारण त्याची खरी चिंता मारा संपल्यानंतरची आहे. न फुटलेले बॉम्ब शेतात पडून राहतात आणि त्यांना वेळेची मर्यादा नसते. परिणाम आवरता येणे याचा अर्थ जागेपुरता घ्यायचा की काळापुरताही, हा वाद कसोटीत कधीच पूर्ण मिटला नाही, म्हणून करार करावा लागला. यातही चाचणीच्या आकड्याने घात केला. इस्रायली एम-८५ या छोट्या बॉम्बला वेळेने आपोआप फुटण्याची सोय होती आणि तो शंभरात एखादाच न फुटता राहतो असे सांगितले जाई. २००६ च्या लढाईनंतर दक्षिण लेबनॉनमध्ये जमिनीवर मोजणी केली तेव्हा प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास निघाले. चाचणी सपाट, कठीण मैदानावर होते. प्रत्यक्षात बॉम्ब नांगरलेल्या मातीत, चिखलात, झाडांच्या फांद्यांत पडतो, त्याची स्थिर करणारी फीत अडकते, किंवा फ्यूज सज्ज होण्याइतका वेळच मिळत नाही. न फुटण्याचे प्रमाण वाचताना शेजारी 'कोणत्या जमिनीवर' हे लिहिलेले नसेल तर त्या आकड्यावर निर्णय घेऊ नये.

अमेरिका, रशिया, चीन, पाकिस्तान आणि भारत या करारात नाहीत, आणि लिथुआनिया २०२५ मध्ये त्यातून बाहेर पडले. म्हणून 'कित्येक देश उघडपणे बाळगतात' हे तुमचे निरीक्षण बरोबर आहे. पण बाळगणे चालते म्हणून झाग्रेबसारखा वापर चालत नाही, तो कराराबाहेरच्यांनाही गुन्हाच आहे. भारत १९७७ च्या प्रोटोकॉलचा पक्षकार नसला तरी १९८० च्या पारंपरिक शस्त्रांवरील कराराचे पाचही प्रोटोकॉल त्याने स्वीकारले आहेत. त्यांतल्या सुधारित दुसऱ्या प्रोटोकॉलमुळे माणसांविरुद्धच्या सुरुंगात निदान ८ ग्रॅम लोखंडाइतका संकेत शोधक यंत्राला मिळालाच पाहिजे. सगळा सुरुंग प्लॅस्टिकचा ठेवून चालत नाही.

ही तपासणी करायची कधी, हे १९७७ च्या प्रोटोकॉलच्या ३६ व्या कलमात आहे: शस्त्राचा अभ्यास, विकास, खरेदी किंवा स्वीकार होत असताना. प्रोटोकॉल नव्हता तेव्हापासून, १९७४ पासून, स्वीडन आणि अमेरिका ती करत आले आहेत. कारखान्यात साचे तयार झाल्यावर वकिलाला बोलावले तर 'नाही' म्हणण्याची किंमत इतकी वाढलेली असते की उत्तर बहुतेक वेळा 'हो' येते. चांगल्या अहवालाचा शेवटही नुसत्या 'मान्य' या शब्दाने होत नाही. काडतुसाची नेमकी आवृत्ती, नळीची लांबी, मान्य पल्ला, कोणत्या वस्तीत वापरायचे नाही आणि न फुटण्याचे प्रमाण कोणत्या जमिनीवर मोजले, हे सगळे त्यात लिहितात. यांतले काहीही बदलले तर तपासणी पुन्हा करायची. रॉकेटचा पल्ला २० किलोमीटर असताना दिलेली मान्यता नवे इंधन भरून तो ५० झाला की रद्द समजावी, कारण पल्ल्याबरोबर चुकीचे वर्तुळही वाढते आणि छोट्या बॉम्बांचा ठिपका मात्र तेवढाच राहतो.